भाद्रपदाच्या आधी या! भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी आणि लसीकरणासाठी महापालिकेला खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त साहेब, मा. आरोग्य अधिकारी आणि मा. पशुवैद्यकीय अधिकारी,
महानगरपालिका

विषय : आमची सोसायटी, शेजारच्या दोन सोसायट्या, नाल्याकडचा रस्ता आणि भाजी मंडई एवढा सगळा पट्टा एकत्र धरून नसबंदी आणि रेबीज लसीकरणाची मोहीम घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

पहिल्यांदाच सांगून टाकतो, हे पत्र कुत्री उचलून न्या म्हणून नाही. आमच्या एजीएममध्ये तसं म्हणणारे खूप आहेत, दर वेळी त्यावर तासभर भांडण होतं आणि मग पार्किंगचा विषय राहून जातो. पण उचलून कुठेतरी लांब सोडणं कायद्यात बसत नाही हे आता बहुतेकांना कळलंय. 2023 च्या अॅनिमल बर्थ कंट्रोल नियमांत स्पष्ट आहे की नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं जिथून पकडलं तिथेच परत सोडायचं, आणि सुप्रीम कोर्टाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात तेच पुन्हा सांगितलं, फक्त रेबीज झालेली किंवा संशयित आणि आक्रमक कुत्री सोडून. नंतर 7 नोव्हेंबर 2025 ला शाळा, हॉस्पिटल, क्रीडा संकुल, बस डेपो, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणांसाठी वेगळा आदेश आला, तिथली परत तिथे सोडायची नाहीत म्हणून, पण रहिवासी सोसायटी त्या यादीत नाही. म्हणजे आमच्याकडची कुत्री आमच्याकडेच राहणार. ती किती राहणार आणि त्यांना रेबीजचं इंजेक्शन असणार की नाही, एवढंच काय ते आपल्या हातात आहे, आणि हे पत्र तेवढ्यापुरतंच आहे.

आता मुद्दा. आपल्याकडे सध्या जे चालतं ते तक्रारीवर चालतं. कोणीतरी अॅपवर कम्प्लेंट टाकतं, आठ-पंधरा दिवसांनी गाडी येते, एक किंवा दोन कुत्री नेते, कम्प्लेंट क्लोज होते, मोबाईलवर मेसेज येतो की आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. कागदावर सगळं बरोबर. पण ह्या पद्धतीने संख्या कमी होऊच शकत नाही, आणि हे मी रागाने म्हणत नाहीये, साधा हिशोब आहे तो खाली मांडतो.

आमच्या पट्ट्यातली कुत्री आम्ही मोजली. आम्ही म्हणजे मी, बी विंगमधल्या एक ताई ज्या रोज रात्री कुत्र्यांना खायला घालतात, आणि आमचा रात्रपाळीचा वॉचमन. सकाळी साडेपाच ते सात ह्या वेळात, कारण तेव्हा कुत्री रस्त्यावर असतात, ऊन चढलं की गाड्यांखाली आणि गटारांच्या कडेला जाऊन पडतात आणि मग निम्मी दिसतच नाहीत. रस्ता दर वेळी तोच ठेवला, प्रत्येक कुत्र्याचा फोटो काढला, नर की मादी, कानाला खाच आहे की नाही, आणि मादी असेल तर पाजतेय का, एवढं लिहिलं. मोठी कुत्री निघाली 46. त्यातली 13 कान कापलेली म्हणजे नसबंदी झालेली, 6 माद्या आणि 7 नर. उरलेल्यांत 17 माद्या, 14 नर, आणि 2 अशी की जी जवळच येऊ देत नाहीत त्यामुळे कळलं नाही. शिवाय गेल्या हिवाळ्यातली 9 पिल्लं, जगली वाचलेली, आता चांगली टणटणीत झालीयत.

गेल्या वर्षभरात आमच्या पट्ट्यातून गाडीने तक्रारीवर नेऊन ऑपरेशन करून सोडलेली कुत्री आमच्या माहितीप्रमाणे 5. आणि त्याच वर्षात वाढलेली पिल्लं 9. बाहेरून आलेली वेगळीच, मंडईच्या मागे चिकनवाल्यांचा कचरा पडतो तिथे महिन्याला एखादं नवीन तोंड दिसतंच. म्हणजे बादलीवर नळ चालू, आणि आपण वाटीने पाणी काढतोय.

ह्या कामात जो 70 टक्क्यांचा आकडा सांगितला जातो तो आपल्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटना रेबीजचा फैलाव थांबवायला 70 टक्के कुत्र्यांना लस म्हणते आणि आपल्याकडे नसबंदीसाठीही साधारण तोच आकडा धरतात. पण हे 70 टक्के एका एरियातले आणि थोडक्या काळातले लागतात हे मात्र तक्रार पद्धतीत विसरलं जातं. अख्ख्या शहरात वर्षाला अमुक हजार ऑपरेशन केली हा आकडा पेपरात छान दिसतो, पण ती जर शहरभर विखुरलेली असतील, इथे दोन तिथे तीन, तर कुठल्याच गल्लीत 70 टक्के होत नाहीत आणि राहिलेल्या माद्या पुढच्या हंगामात ती जागा भरून काढतात. आमच्या 46 चे 70 टक्के म्हणजे 33. तेरा झालेली आहेत. म्हणजे आत्ता फक्त 20 कुत्री पाहिजेत, पण ती एकदम पाहिजेत, वर्षभरात पाच-पाच करून नाही, कारण वर्षभरात खालचा आकडाच बदललेला असतो.

आणि वीसच का, उरलेली सगळी 33 का नाहीत असं विचाराल तर 33 झाली तर सोन्याहून पिवळं. पण जमणार नसेल तर आधी माद्या घ्या. एक खाच नसलेला नर राहिला तरी तो गल्लीतल्या सगळ्या माद्यांना पुरतो, त्यामुळे चौदापैकी दहा नर केले तरी पिल्लांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. मादी मात्र एक झाली की तिची वर्षाची एक-दोन वेतं गेली, वेताला चार-पाच पिल्लं धरा. सगळी जगत नाहीत, बहुतेक मरतातच, गाडीखाली, पावसात, पार्व्होच्या आजाराने. पण मादीमागे वर्षाला एक जरी जगलं तरी सतरा माद्यांची सतरा होतात. नर सोडून द्या असं माझं म्हणणं नाही, नसबंदी झालेला नर मारामाऱ्या कमी करतो आणि माद्यांच्या मागे लांब लांब भटकत नाही, हे आम्ही डोळ्याने बघितलंय. फक्त क्रम सांगतोय.

तर गंमत अशी आहे की तक्रारीवर येणारी गाडी नेमके नरच जास्त नेते. मुद्दाम नाही करत कोणी, पकडण्याची पद्धतच तशी आहे. गाडी येते सकाळी अकरा-साडेअकराला, हॉर्न वाजवत गेटमधून आत येते, चार माणसं जाळ्या घेऊन उतरतात. त्या क्षणाला आमच्या इथली प्रत्येक हुशार कुत्री कंपाउंडच्या तुटलेल्या जाळीतून नाल्यात. मागे उरतात कोण, जे माणसाळलेले आहेत, बिस्किट दाखवलं की शेपूट हलवत येतात. आमचा एक तपकिरी नर आहे, त्याला मुलं कर्नल म्हणतात, त्याच्या कानाला आधीच खाच आहे तरी त्याला दोनदा गाडीत चढवून झालंय. तो स्वतःच जाऊन उभा राहतो. एकदा वॉचमनने कान दाखवला म्हणून सोडला, एकदा नेऊन तसाच परत आणला. तिकडे पांढरी चिंगी, डाव्या डोळ्यावर काळा डाग, जी दर वर्षी ट्रान्सफॉर्मरच्या डीपीमागे पिल्लं घालते, तिला आजपर्यंत कोणी जाळी लावू शकलेलं नाही. तिच्या मागच्या वेतातली दोन आणि त्याच्या आधीच्यातल्या तीन माद्या आज आमच्या यादीत आहेत. एका चिंगीला पकडलं असतं तर पाच कुत्री कमी असती.

म्हणून पहिली विनंती वेळेची. गाडी पहाटे पाठवा, साडेपाच-सहाला, हॉर्न न वाजवता, आणि गेटच्या बाहेर उभी करा. आदल्या दिवशी आम्हाला कळवा. कळवलं की ताई आदल्या रात्री खायला घालणार नाहीत. त्याने दोन गोष्टी होतात, कुत्री सकाळी भुकेली असतात म्हणून हाकेला येतात, आणि ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं लागतं त्याचीही सुरुवात होते. ताईंच्या हाकेला चिंगीसुद्धा दहा फुटांवर येते, दुसऱ्या कोणाच्या नाही. फीडर लोकांना शत्रू समजून काम करणाऱ्या टीमला अशा माद्या कधीच मिळत नाहीत. आणि फीडर लोकही गाडी बघून आडवे येतात त्याचं कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की कुठे नेताय, कधी आणणार, कोणाला फोन करायचा. आमच्या ताई एवढंच विचारतात की मला एक नंबर द्या आणि परत आणाल त्या दिवशी कळवा. ही काही फार मोठी मागणी नाही.

दुसरी विनंती हंगामाची, आणि खरं तर ह्याच्यासाठीच मी आत्ता एप्रिलमध्ये लिहितोय. आपल्या आज्ज्या भादव्यातली कुत्री म्हणायच्या ते उगाच नाही. कुत्र्यांना माजावर यायला तसा वर्षातला कुठलाही महिना चालतो, पण भटक्या कुत्र्यांचा मोठा हंगाम पावसाळ्याच्या शेवटाला असतो, गणपतीच्या आसपास, आणि पोटात पिल्लं राहतात साधारण 63 दिवस, म्हणजे दिवाळीपासून पुढे थंडीभर जिथे तिथे पिल्लं. मग लोकांना कुत्री दिसायला लागतात, पिल्लांवरून माद्या अंगावर यायला लागतात, तक्रारी वाढतात, आणि मग गाडी येते. पण तेव्हा पाजणाऱ्या माद्यांना उचलता येत नाही, पिल्लं मरतात, आणि लहान पिल्लांचं ऑपरेशनही करत नाहीत. म्हणजे तक्रारी सगळ्यात जास्त असतात तेव्हा काम सगळ्यात कमी होऊ शकतं, आणि काम होण्यासारखं असतं ह्या एप्रिल-मे-जूनमध्ये, तेव्हा कोणी तक्रारच करत नाही म्हणून गाडी येत नाही. तक्रारीवर चालणाऱ्या पद्धतीतली सगळ्यात मोठी गोची हीच आहे.

त्यात टेंडरचं वर्ष मार्चला संपतं. नवीन संस्थेला वर्क ऑर्डर मिळेपर्यंत, अॅनिमल वेल्फेअर बोर्डाची मान्यता वगैरे कागद होईपर्यंत, जून-जुलै उजाडतो असं आम्हाला वॉर्ड ऑफिसमध्ये सांगण्यात आलं. मान्यता लागतेच, त्याला आमची हरकत नाही, उलट विना मान्यता कोणी ऑपरेशन करू नयेत. पण जुन्या संस्थेला मुदतवाढ देऊन ह्या तीन महिन्यांत पिंजरे रिकामे राहू देऊ नका. वर्षातले हे तीन महिने गेले तर बाकीच्या नऊ महिन्यांत कितीही पळापळ करा, भाद्रपद आपल्या पुढेच असतो.

आता एका पट्ट्याला किती वेळ लागेल ते बघू. एक कुत्रं सेंटरला गेलं की पहिला दिवस तपासणी आणि उपाशी ठेवण्याचा, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, त्यानंतर नियमाप्रमाणे किमान चार दिवस निगराणी, जखम बघून मग सोडणं. म्हणजे एका पिंजऱ्याचा साधारण आठवडा एका कुत्र्याला जातो. तुमच्या सेंटरमधले दहा पिंजरे जर आमच्या पट्ट्यासाठी सलग ठेवले तर आमच्या गरजेची 20 कुत्री दोन आठवड्यांत होतात, आणि सगळी 33 केली तर चार आठवड्यांत. चार आठवडे, बस्स. मग ते दहा पिंजरे नाल्याच्या पलीकडच्या वस्तीला द्या, मग त्याच्या पुढच्या. असं एकाला लागून एक पट्टे घेत गेलं की बाहेरून येणारी कुत्रीही कमी होतात, कारण शेजारचा पट्टाही झालेला असतो. आणि ही गेल्या हिवाळ्यातली 9 पिल्लं जूनपर्यंत सहा-सात महिन्यांची होतील, त्यांच्यासाठी जुलैमध्ये एकच फेरी परत मारायची. ती फेरी चुकली तर त्यातल्या ज्या माद्या आहेत त्या ह्याच भाद्रपदात नाहीतर पुढच्या हंगामात आई होणार. पहिली मोहीम झाल्यावर सगळे खूश असतात आणि ही दुसरी फेरी राहून जाते, म्हणून आत्ताच ती वर्क ऑर्डरमध्ये लिहून ठेवा.

हे हवेतलं नाही. जयपूरमध्ये एका संस्थेने 1994 ते 2002 ह्या काळात शहराच्या ठरलेल्या भागात पट्ट्यापट्ट्याने हेच काम केलं, तिथल्या सुमारे 65 टक्के माद्यांची नसबंदी आणि लसीकरण झालं आणि कुत्र्यांची संख्या 28 टक्क्यांनी उतरली. आठ वर्षांत 28 टक्के. म्हणजे पुढच्या महिन्यात रस्ते रिकामे होतील असं कोणी सोसायटीच्या ग्रुपवर टाकत असेल तर ते खोटं आहे, कुत्रं नसबंदी झाल्यावर परत इथेच राहतं, म्हातारं होतं आणि मरतं, तेव्हा कुठे आकडा खाली येतो. पण पिल्लं मात्र पहिल्याच थंडीत कमी दिसायला लागतात आणि अंगावर येण्याचे निम्मे प्रकार पिल्लंवाल्या माद्यांचेच असतात असा निदान आमच्या गल्लीचा तरी अनुभव आहे.

सोडण्याबद्दल एक. मागे एकदा आमच्याकडून नेलेल्या कुत्रीच्या बदल्यात एक भलताच काळा नर आमच्या गेटवर सोडला गेला. तो कुठला कोण जाणे. त्या बिचाऱ्याला इथली कुत्री टिकू देईनात, रात्रभर नुसता गोंधळ, टाके ताजे आणि वर चावे, शेवटी तो हायवेकडे पळाला आणि आमची कुत्री कुठे सोडली ते आजतागायत कळलेलं नाही. जिथून नेलं तिथेच सोडा हा नियम कुत्र्यावर दया म्हणून नाही फक्त, ओळखीची कुत्री आपापला एरिया धरून राहतात आणि अनोळखी आत येऊ देत नाहीत म्हणून आहे. उपाय सोपा आहे, पकडतानाच गळ्यात नंबरचा टॅग, त्या नंबरसमोर फोटो आणि जागा, आणि जागा म्हणजे नुसतं वॉर्डचं नाव नाही, अमुक सोसायटीचं मागचं गेट असं. सोडताना तोच फोटो बघून सोडायचं. आमच्या यादीत प्रत्येकाचा फोटो आहे, तो तुमच्या टीमला वापरता येईल. आणि सोडताना एक मिनिट थांबून जखम बघू द्या, टाके कोरडे आहेत ना, सूज नाही ना, कान नीट कापलाय ना. कानाची खाच स्पष्ट नसली तर पुढच्या वर्षी तीच मादी परत टेबलावर जाते, भूल परत, पोट उघडून बघितल्यावर कळतं की आधीच झालंय.

बिलांबद्दल मी काही बोलणार नाही, पण नियमांप्रमाणे देखरेख समिती असते आणि काढलेल्या अवयवांची मोजणी करून मगच आकडा मान्य करायचा असतो, ती मोजणी दर महिन्याला झाली आणि किती झाली एवढं वेबसाईटवर टाकलं तरी लोकांच्या मनातल्या निम्म्या शंका जातील.

आता लसीकरण. हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय कारण सगळे ह्याला नसबंदीच्या पोटात टाकतात. ऑपरेशनच्या वेळी रेबीजचं इंजेक्शन देतात, बरोबर आहे, पण ते एकदाच. दरवर्षी परत द्यावं लागतं. आमच्या तेरा खाचवाल्या कुत्र्यांपैकी काहींचं ऑपरेशन कोविडच्या आधीचं आहे, ताईंना वर्षं पाठ आहेत. त्यांना त्यानंतर इंजेक्शन मिळाल्याचं कोणाला आठवत नाही. म्हणजे लोक कानाची खाच बघून म्हणतात हे सेफ आहे, आणि ती खाच फक्त एवढंच सांगते की हिला पिल्लं होणार नाहीत. मध्यंतरी डिलिव्हरीवाल्या एका पोराला सी विंगच्या खाली चावलं, तेव्हा सगळे हेच म्हणत होते की अरे त्याचा कान कापलेला आहे, काही होत नाही. सुदैवाने वॉचमन शहाणा निघाला, त्याने पोराला नळाखाली बसवून पंधरा मिनिटं साबणाने पाय धुवायला लावला आणि लगेच सरकारी दवाखान्यात पाठवला, तिथे त्याला पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यायला सांगितलं. कुत्र्याला लस असो नसो, चावल्यावर माणसाने घ्यायचीच. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की मग उपाय नाही हे सांगायला नको. पण पोराचे चार दिवसांचे पैसे बुडाले ते बुडालेच, त्याने शेवटचा डोस घेतला की नाही हेही आम्हाला माहीत नाही, फोन लागत नाही त्याचा.

लसीकरणाला पिंजरे लागत नाहीत, ऑपरेशन थिएटर लागत नाही, चार दिवस ठेवावं लागत नाही. जाळी टाकायची, कातडीखाली एक मिलीचं इंजेक्शन, डोक्यावर रंगाचा ठिपका, सोडून द्यायचं, दोन मिनिटांचं काम. गोव्यात हेच करतायत, टीम गावोगाव गल्लोगल्ली फिरतात, हाताने धरता येतात ती हाताने आणि बाकीची जाळीने, दिलं की रंग लावतात, मोबाईलवर नोंद करतात की कुठल्या गल्लीत किती रंगवलेली आणि किती बिनरंगाची दिसली, आणि बिनरंगाची जास्त असली तर त्या गल्लीत परत जातात. दरवर्षी लाखाच्या आसपास कुत्री. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. गोवा छोटं आहे, तिथे सरकारचा पैसा आणि संस्थेची टीम दोन्ही होतं हे मान्य, पण आमचा पट्टा तर त्याहूनही छोटा आहे, 46 मोठी आणि 9 छोटी, तीन महिन्यांच्या पुढची पिल्लंही ह्यात घेता येतात. एका टीमच्या दोन सकाळी. पहिल्या सकाळी जेवढी मिळतील तेवढी, दुसऱ्या सकाळी ज्यांना रंग नाही ती.

फक्त आइस बॉक्सची काळजी घ्या. लस 2 ते 8 डिग्रीत राहायला हवी आणि एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली बाटली नुसतं पाणी टोचल्यासारखी होते, दिसायला काही फरक दिसत नाही. बॉक्समध्ये थर्मामीटर ठेवा आणि सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान त्या दिवसाच्या फॉर्मवर लिहा. आमच्याकडचा कोणीतरी सही करेल. आणि बर्फ संपला तर क्लबहाऊसमध्ये फ्रीज आहे, त्यातली कोल्ड्रिंक्स आम्ही बाजूला काढू.

दरवर्षी 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन म्हणून आपल्याकडून बॅनर लागतात. त्या आठवड्यात दरवर्षी शहरभर अशी लसीकरणाची फेरी ठरवून टाकली तर तारीख लक्षात ठेवायची कटकट नाही. पण आमच्या पट्ट्याची पहिली फेरी मात्र नसबंदीच्या सोबत ह्याच महिन्यात घ्या, ज्यांचा नंबर ऑपरेशनला लागणार नाही आणि ज्यांच्या कानाला आधीच खाच आहे त्यांना इंजेक्शन तरी मिळेल.

आमच्या बाजूने काय, तर तेही सांगतो, कारण 2023 च्या नियमांतला विसावा नियम सोसायटीवरही जबाबदारी टाकतो. खायला घालण्याची जागा आम्ही ठरवली आहे, मागच्या गेटजवळ पंप हाऊसच्या बाजूला, लहान मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि जिन्यांपासून लांब, रात्री साडेदहानंतर. ह्यावर दोन मेंबर अजून नाराज आहेत, त्यांचं म्हणणं आहे की खायला घालणंच बंद करा म्हणजे कुत्री जातील. ती जात नाहीत, मंडईच्या कचऱ्यावर जगतात आणि मग पकडायच्या दिवशी कोणाच्या हाकेला येत नाहीत, हे त्यांना समजावणं चालू आहे. तुमच्याकडून समितीच्या बैठकीला कोणी अधिकारी आले आणि हेच दोन वाक्यांत बोलले तर आमचं निम्मं काम होईल, आमचं कोणी ऐकत नाही हो, घर की मुर्गी. चिकनवाल्यांच्या कचऱ्यासाठी झाकणाचा डबा मात्र तुमच्या घनकचरा विभागालाच द्यावा लागेल, त्याचा वेगळा अर्ज जोडलाय.

पत्रासोबत कुत्र्यांची यादी, फोटो, आणि पट्ट्याचा हाताने काढलेला नकाशा देतोय. नकाशावर लाल टिंब म्हणजे खाच नसलेली मादी, त्या मादीच्या झोपायच्या जागेवर. सतरा टिंबं आहेत. शेजारच्या दोन्ही सोसायट्यांच्या सेक्रेटरींच्या सह्या आहेत, मंडईतल्या विक्रेत्यांच्या संघटनेचं पत्र येत्या आठवड्यात देतो. आम्हाला उत्तरात फक्त तीन गोष्टी हव्यात. दहा पिंजरे कुठल्या तारखेपासून मिळतील, टीमसोबत कोण डॉक्टर असतील आणि त्यांचा नंबर काय, आणि जुलैची फेरी नक्की आहे का.

कळावे,

आपला,
सोसायटीतला एक रहिवासी (कमिटीच्या ठरावासह)

ता. क. : मागच्या गेटची किल्ली पहाटे पाच वाजल्यापासून वॉचमनकडे असेल. नाल्याच्या बाजूची तुटलेली जाळी आम्ही टीम यायच्या आदल्या दिवशी बांधून घेऊ, आधी नाही, नाहीतर चिंगीला संशय येतो.